"तसंही झालंच असतं": भांडणात दोष कुणाचा हे तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीत काही पडलं, फुटलं, गळलं की पहिल्या दिवशी सगळे "कुणामुळे" म्हणून भांडतात आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याच्यावर बोट आलंय तो म्हणायला लागतो की तसंही झालंच असतं. हे वाक्य कधी शंभर टक्के खरं असतं आणि कधी निव्वळ पळवाट असते, आणि दोन्ही ऐकायला अगदी सारखंच लागतं, म्हणून हे प्रश्न एकत्र लिहून काढले. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय, ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या बिल्डिंगचं, कारण मी तेव्हा कमिटीत होतो आणि सगळं डोळ्यांसमोर झालं. फ्लॅट नंबर बदललेत.

ही टेस्ट नक्की आहे काय?

एवढीच, की ज्या गोष्टीला तुम्ही कारण म्हणताय ती मनातल्या मनात काढून टाका, बाकी सगळं होतं तसं राहू द्या, आणि विचारा की मग हे नुकसान झालं असतं का. नसतं झालं, तर ती गोष्ट कारण आहे. तरीही झालं असतं, तर ती गोष्ट कितीही चुकीची असली तरी या नुकसानाचं कारण नाही.

कोर्टात याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण लंडनचं आहे, १९६० च्या दशकातलं, बार्नेट विरुद्ध चेल्सी हॉस्पिटलची मॅनेजमेंट कमिटी. रात्रपाळीचे तीन वॉचमन चहा प्यायल्यावर उलट्या होत होत्या म्हणून हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आले, ड्युटीवरच्या डॉक्टरने त्यांना न तपासताच घरी जा आणि आपापल्या डॉक्टरला बोलवा असा निरोप दिला, आणि त्यातला एक जण काही तासांत गेला. चहात आर्सेनिक होतं. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की डॉक्टरने तपासायला हवं होतं, ही हयगयच आहे, पण लगेच दाखल करून घेतलं असतं तरी विष ओळखून त्यावरचं औषध वेळेत देता आलं नसतं आणि माणूस वाचला नसता, म्हणून त्याच्या बायकोचा नवऱ्याच्या मृत्यूबद्दलचा दावा फेटाळला गेला. पहिल्यांदा वाचलं की राग येतो. पण नीट बघा, इथे "तसंही झालंच असतं" हे कुणी नुसतं बोललं म्हणून मान्य झालेलं नाही, विष शोधायला किती वेळ, औषध कधी मिळालं असतं, तोपर्यंत शरीराचं काय झालं असतं, हे सगळं साक्षीपुराव्याने तपासून मग मान्य झालंय. माझा सगळा मुद्दा हाच आहे की हे वाक्य चालतं, पण त्याला पुरावा लागतो.

हे वकिलांनी काढलेलं खूळ आहे का?

नाही. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्येच कारणाची व्याख्या करताना म्हणून ठेवलं होतं की पहिली गोष्ट नसती तर दुसरी झालीच नसती, आणि १९७३ मध्ये डेव्हिड लुईसने त्यावर पूर्ण सिद्धांत उभा केला. "तू मला उशिरा उठवलंस म्हणून लोकल चुकली", "लोकल तर आधीच वीस मिनिटं लेट होती", हे घरोघरी चालतं ते हेच.

तुमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं होतं?

बिल्डिंग चोवीस वर्षांची. ४०२ वाल्यांनी एप्रिल-मेमध्ये बाथरूम पूर्ण नवीन केलं, जुन्या टाइल्स ब्रेकरने फोडल्या, खालचा कोबा काढला, नवीन वॉटरप्रूफिंग, नवीन टाइल्स, कमिटीची एनओसी घेऊन. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैपासून खाली ३०२ च्या बेडरूममध्ये बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं वॉर्डरोब मागून फुगायला लागलं, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री त्याच बेडरूममध्ये, पण खिडकीच्या बाजूला, स्लॅबच्या खालच्या प्लास्टरचा आणि काँक्रीटचा मोठा तुकडा सुटला, पीओपीची फॉल्स सीलिंग फोडून खाली टीव्हीवर आला. बेड दुसऱ्या बाजूला होता म्हणून माणसं वाचली. बिल काढलं तर वॉर्डरोबचे पस्तीस हजार आणि सीलिंग, टीव्ही मिळून पंच्याऐंशी, म्हणजे एक लाख वीस हजार.

३०२ चे काका म्हणाले सगळं ४०२ मुळे, चोवीस वर्षं काही झालं नाही आणि यांनी ब्रेकर लावल्यावर तीन महिन्यांत छत खाली आलं. ४०२ च्या ताई म्हणाल्या, बिल्डिंगच जुनी, सळया गंजलेल्या, आम्ही काही केलं नसतं तरी पडलंच असतं. आणि आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं की आतली गळती हा दोन मेंबरमधला विषय आहे, सोसायटीचा संबंध नाही. तिघेही आपापल्या परीने खरंच बोलत होते, खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं.

मग सुरुवात कुठून करायची?

नुकसान वेगळं करण्यापासून. सगळ्यात मोठी गडबड इथेच होते, सगळे एक लाख वीस हजार या एका आकड्यावर भांडत असतात, आणि त्या आकड्यात दोन वेगळ्या घटना असतात ज्यांची कारणं वेगळी असू शकतात. वॉर्डरोब फुगलं ही एक घटना, प्लास्टर पडलं ही दुसरी. "४०२ ने काम केलं नसतं तर" हा प्रश्न दोन्हींना वेगवेगळा विचारावा लागतो आणि उत्तरंही वेगवेगळी येऊ शकतात. आम्ही हे पहिल्या मीटिंगलाच बोर्डवर दोन खाने करून लिहिलं तेव्हा आवाज जरा खाली आले.

पण जे झालंच नाही ते कसं तपासणार? नसतं तर काय झालं असतं हे कुणाला माहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि रास्त आहे. उत्तर असं की ते जग बघता येत नाही, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी बहुतेक वेळा बघता येतं. आमच्या केसमध्ये तशा तीन गोष्टी मिळाल्या.

पहिली मुद्दाम केलेली. ४०२ च्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप प्लंबरने फडका आणि थोडं सिमेंट लावून बंद केला, दोन इंच पाणी भरून ठेवलं, बाथरूमला कुलूप, नळ बंद, आणि खाली ३०२ मध्ये लक्ष ठेवलं. पहिले काही तास काहीच नाही, आणि ३०२ चे काका नाराज झाले की टेस्ट खोटी आहे, पण लगेच काही दिसत नाहीच, पाण्याला कोबा आणि स्लॅब भिजवून खाली यायला वेळ लागतो, म्हणून निदान चोवीस तास थांबायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅपच्या कोपऱ्याखाली ओल दिसली आणि ती भिंतीतून वॉर्डरोबच्या मागे उतरत होती. खिडकीकडच्या बाजूला मात्र पाण्याचा मागमूस नाही.

दुसरी गोष्ट आपोआप झाली, आणि ती जास्त पक्की होती. गणपतीला ४०२ वाले सगळे कोकणात गावी गेले, आठ-नऊ दिवस फ्लॅट बंद, पाणी एक थेंब वापरलं नाही, आणि नेमका त्याच दिवसांत ठाण्यात धो-धो पाऊस. म्हणजे "४०२ चं पाणी नसतं तर" हे जग आम्हाला खरोखर बघायला मिळालं. वॉर्डरोबमागची ओल हळूहळू सुकत गेली, खिडकीकडची उलट वाढली. बाहेर जाऊन बघितलं तर खिडकीच्या छज्ज्याच्या वर बाहेरच्या भिंतीला हाताची करंगळी जाईल अशी भेग. म्हणजे तिथलं पाणी पावसाचं, बाहेरून येणारं.

तिसरी म्हणजे शेजारच्या मजल्यांशी तुलना. त्याच लाइनमध्ये वर ५०२ आहे, त्याच्या वरच्या ६०२ मध्ये बिल्डिंग झाल्यापासून काहीच काम झालेलं नाही. स्ट्रक्चरल ऑडिटरने ५०२ च्या बेडरूमची सीलिंग छोट्या हातोडीने ठोकत नेली तर खिडकीच्या बाजूला आवाज पोकळ, बारीक भेगा पण होत्या. म्हणजे वर कुणीही काही न फोडता तिथे प्लास्टर सुटायला लागलेलंच होतं. पण पडलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

गंज आत्ताचा की जुना हे कसं कळलं?

पडलेला तुकडा आम्ही टाकू दिला नव्हता. त्यात सळईची जी खाच होती तिथे गंजाचे पापुद्रे एकावर एक बसलेले, गडद तपकिरी, बोटाने सुटणारे, आणि वर उघडी पडलेली सळई जागोजागी बारीक झालेली. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला बाहेर ढकलतो, तेच कव्हर सुटून पडतं. असे जाड थर व्हायला वर्षं लागतात. मे ते ऑगस्ट या तीन-चार महिन्यांत ते होत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने "चोवीस वर्षं काही झालं नाही" हे वाक्य निकालात निघालं. चोवीस वर्षं काही दिसलं नव्हतं, होत तर होतंच.

म्हणजे ४०२ च्या ताई बरोबर होत्या, तसंही पडलंच असतं?

थांबा, घाई इथेच होते. "तसंही पडलंच असतं" यात कधी हे सांगितलेलंच नाही. कधीतरी पडलं असतं हे मान्य, पण कधीतरी तर प्रत्येक गोष्ट होणार असते, माणूस कधीतरी मरणारच असतो म्हणून त्याला गाडीखाली घालणाऱ्याला कुणी सोडत नाही. प्रश्न असा विचारायचा की त्या ऑगस्टमध्ये, त्या रात्री, त्या टीव्हीवर पडलं असतं का. ५०२ मध्ये तीच अवस्था असून पडलेलं नव्हतं हे इथे उपयोगी पडतं, कारण त्याचा अर्थ असा निघू शकतो की गंज पुरेसा नव्हता, वरून ब्रेकरचे हादरे बसले म्हणून ३०२ चं आधी सुटलं.

पण निघू शकतो एवढंच. ५०२ आणि ३०२ मध्ये फरक फक्त ब्रेकरचा नाही. ३०२ च्या बाजूची बाहेरची भेग जास्त मोठी होती, तिथून पाणी जास्त येत होतं, आणि ब्रेकर चालला तो बाथरूममध्ये, प्लास्टर पडलं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तेही काम संपल्यावर जवळपास तीन महिन्यांनी, मधे एकदाही तडा गेल्याचं कुणी बघितलं नाही. ऑडिटरने प्रामाणिकपणे सांगितलं की हादऱ्यांनी थोडं लवकर झालं असेल, नाही म्हणता येणार नाही, पण पावसाचं पाणी आणि गंज एवढ्यावरही त्याच मोसमात पडलं असतं ही शक्यता जास्त. दिवाणी वादात असंच मोजतात, शंभर टक्के खात्री लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवते ते बघतात.

एखादी गोष्ट "काढून टाकायची" म्हणजे तिच्या जागी काय धरायचं?

माझ्या मते या टेस्टमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे, आणि भांडणं बहुतेक याच्यावरच अडकतात, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. ३०२ चे काका मनात धरत होते "४०२ ने कामच केलं नसतं तर". पण काम करणं ही चूक नव्हतीच, एनओसी होती, प्रत्येकाला आपलं बाथरूम नीट करायचा हक्क आहे. दोष ठरवायचा असेल तर फक्त चुकीचा भाग काढायचा आणि त्याच्या जागी तेच काम नीट केलं असतं तर काय, हे बसवायचं.

आता बघा काय फरक पडतो. नीट काम म्हणजे काय, तर नवीन वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवायच्या आधी पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, खाली जाऊन बघायचं, ट्रॅपचा सांधा नीट भरलाय ना ते तपासायचं आणि मग टाइल्स. ४०२ च्या कॉन्ट्रॅक्टरने घाईत ही टेस्ट केलीच नव्हती, ताईंनी ते स्वतःच सांगितलं. केली असती तर ट्रॅपच्या कोपऱ्याची गळती तेव्हाच दिसली असती, दुरुस्त झाली असती, वॉर्डरोब फुगलं नसतं. म्हणजे वॉर्डरोबच्या बाबतीत निष्काळजीपणा हेच कारण, टेस्ट पास.

प्लास्टरच्या बाबतीत उलट. अगदी काळजीपूर्वक काम केलं असतं तरी जुन्या टाइल्स आणि कोबा फोडायला ब्रेकर लागलाच असता, एनओसीतही त्याला मनाई नव्हती, हादरे तेवढेच बसले असते. म्हणजे हादऱ्यांमुळे थोडं लवकर पडलं असं धरून चाललं तरी ते ४०२ च्या निष्काळजीपणामुळे पडलं असं होत नाही, कारण निष्काळजीपणा काढून टाकला तरी हादरे तिथेच राहतात. एनओसीत "ब्रेकर नाही, छिन्नी-हातोडी फक्त" अशी अट असती आणि ती मोडली असती, तर मात्र हिशोब बदलला असता.

सोसायटीने काही केलंच नाही, मग न केलेल्या गोष्टीला कारण कसं म्हणायचं?

म्हणता येतं, तीच टेस्ट लावून, फक्त इथे काढायच्या ऐवजी घालायचं. जे करायला हवं होतं ते केलं असतं तर नुकसान टळलं असतं का? आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं, आमचं एकदाही झालेलं नव्हतं. आणि पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या कॉमन पाइपची गळती, स्ट्रक्चरची दुरुस्ती ही कामं सोसायटीची, संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ती मेंबरची, म्हणजे सेक्रेटरींचं "आमचा संबंध नाही" हे वॉर्डरोबपुरतं बरोबर, प्लास्टरला लागू नाही.

सेक्रेटरींनी यावर जे उत्तर दिलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. ते म्हणाले, ऑडिट केलं असतं तरी काय, रिपोर्ट फाइलला लागला असता, दुरुस्तीच्या वर्गणीला जनरल बॉडी कधीच हो म्हणत नाही, म्हणजे तसंही पडलंच असतं. असं उत्तर ब्रिटनमध्ये वरच्या कोर्टात चाललेलं आहे, १९६२ च्या मॅकविल्यम्स केसमध्ये. ग्लासगोच्या शिपयार्डमध्ये उंच लोखंडी टॉवरवरून कामगार पडून गेला, कंपनीने सेफ्टी बेल्ट दिलेला नव्हता, ही चूकच, पण पुराव्यात असं आलं की तो माणूस अशा कामाला बेल्ट जवळपास कधीच लावायचा नाही, दिला असता तरी लावला नसता, म्हणून बेल्ट न देणं हे मृत्यूचं कारण ठरलं नाही.

तरी आमच्याकडे ते चाललं नाही, आणि का ते महत्त्वाचं आहे. तिथे बेल्ट न लावणारा तो स्वतःच होता, ज्याचं नुकसान झालं तोच. इथे रिपोर्टकडे दुर्लक्ष करणारी सोसायटीच असणार होती, म्हणजे एक चूक झाकायला दुसरी स्वतःचीच चूक पुढे करायची, "मी पहिलं काम केलं असतं तरी दुसरं केलंच नसतं". आपल्याच पुढच्या चुकीच्या भरवशावर आधीची चूक माफ करून घेता येत नाही. त्या जागी नीट वागणारी सोसायटी धरायची, जी ऑडिट करते आणि धोक्याचं लिहून आलं की निदान तेवढा भाग पाडून नीट करते. शिवाय जुनं मिनिट्स बुक काढलं तर काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला जनरल बॉडीने एका मीटिंगमध्ये मंजुरी दिलेली सापडली, त्यामुळे "कधीच हो म्हणत नाही" हेही टिकलं नाही.

३०२ च्या काकांची काहीच चूक नाही का?

होती थोडी. आदल्या पावसाळ्यात खिडकीजवळ पिवळा डाग आलेला, त्यांनी कमिटीला न कळवता रंग मारून घेतला आणि पुढे फॉल्स सीलिंग लावली, त्याने सगळं झाकलं गेलं. कळवलं असतं तर? त्या वेळच्या कमिटीने लगेच येऊन बघितलं असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण निदान धोका माहीत झाला असता आणि टीव्ही त्याखाली राहिला नसता. त्यांनी ते मान्य केलं. घरात डाग दिसला की रंग मारणं हे बहुतेक सगळेच करतात, म्हणून त्याला फार मोठं करू नये असं मला तेव्हाही वाटत होतं.

दोन कारणं असतील आणि दोन्ही एकेकटी पुरेशी असतील तर?

तेव्हा ही टेस्ट मोडते, आणि हे माहीत नसेल तर दोघेही सुटतात. समजा खिडकीकडे पावसाचं पाणी पण येतंय आणि वरच्याच्या एसीच्या ड्रेनचं पाणी पण, आणि कुठलंही एक असतं तरी तेवढंच नुकसान झालं असतं. आता पहिल्याला विचारा, तू नसतास तर? दुसऱ्यामुळे झालंच असतं. दुसऱ्याला विचारा, तेच उत्तर. म्हणजे नुकसान झालंय आणि कारण कुणीच नाही, हे उघडच चूक आहे. अमेरिकेत मिनेसोटाच्या कोर्टासमोर १९२० मध्ये अशीच केस आली होती, रेल्वेच्या इंजिनाने लागलेली आग आणि दुसरीकडून आलेली आग एक होऊन एका माणसाची मालमत्ता जळाली. तिथे टेस्ट बदलली, रेल्वेची आग नुकसानात लक्षणीय वाटा असलेली होती का एवढंच विचारलं आणि रेल्वेला जबाबदार धरलं. सोसायटीत असं झालं की दोघांना मिळून जबाबदार धरणं हाच मार्ग.

पण आधी खात्री करा की दोन्ही खरंच पुरेशी आहेत. बहुतेक वेळा एक पुरेसं असतं आणि दुसरं फक्त हजर असतं.

कारण ठरलं म्हणजे दोष ठरला ना?

नाही, आणि इथे लोक फार अन्याय करतात. या टेस्टच्या जाळ्यात फार जण येतात. बिल्डरने छज्जा दिला नसता, काकांनी तो टीव्ही घेतला नसता, तर टीव्ही फुटला नसता, सगळं खरं आहे आणि कुणालाच दोष देण्याजोगं नाही. टेस्टचं काम फक्त ज्यांचा संबंध नाही त्यांना बाहेर काढणं, उरलेल्यांत दोषी कोण ते वेगळं ठरवायचं, त्याने नियम मोडला का, काळजी घेतली नाही का, आणि त्याची चूक नुकसानाच्या किती जवळ आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टाने हे मुंबईतल्याच एका रंगाच्या कारखान्याच्या केसमध्ये सांगितलंय, कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९६५ च्या रिपोर्टमध्ये आहे. लायसनची अट मोडून कारखान्यात बर्नर चालू होते, तापलेल्या बिट्युमेनमध्ये कामगाराने ते पुरेसं थंड न होता टर्पेंटाइन घातलं, भडका उडाला आणि सात कामगार गेले. बर्नर नसते तर आग लागली नसती हे खरंच, पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवला या फौजदारी गुन्ह्यासाठी तेवढं पुरत नाही, कृती हेच मृत्यूचं थेट आणि जवळचं कारण असलं पाहिजे असं कोर्टाने म्हटलं. त्या कलमातून मॅनेजर सुटला, आगीबाबत हयगय केल्याच्या कलमाखालची शिक्षा मात्र राहिली. फौजदारीत माप इतकं कडक असतं, नुकसानभरपाईच्या वादात तेवढं नसतं, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुमच्यावर केस टाकतो" म्हणताना कुठली केस ते आधी बघावं.

शेवटी पैसे कुणी दिले?

वॉर्डरोबचे पस्तीस हजार ४०२ ने, आणि त्यांनी कॉन्ट्रॅक्टरकडून ट्रॅप आणि कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग फुकट करून घेतलं. पंच्याऐंशीतले पासष्ट सोसायटीने, वीस काकांनी स्वतः सोसले, न कळवल्याबद्दल. बाहेरची भेग, सळयांचं काम आणि ५०२ ची पोकळ सीलिंग सोसायटीच्या खर्चाने. हादऱ्यांबद्दल ४०२ वर काही लावलं नाही. काही मेंबरना अजूनही वाटतं की थोडं लावायला हवं होतं, मला नाही वाटत, कारण वर लिहिलंय.

आमच्याकडे गळती आत्ता चालू आहे, नंतर भांडण झालं तर काय हाताशी असावं?

ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा, दर तीन-चार दिवसांनी नवीन रेघ, म्हणजे कधी वाढली ते आपोआप दिसतं. पाऊस कुठल्या दिवशी होता आणि वरचे गावी कधी गेले हे कॅलेंडरवर टाका. उघडीप असताना पण ओल वाढत असेल तर आतलं पाणी, सतत सारखीच ठिबकत असेल तर प्रेशरचा पाइप, कुणी अंघोळ केल्यावरच येत असेल तर ड्रेन किंवा ट्रॅप, जोरदार पावसानंतर काही तासांनी येत असेल तर बाहेरची भिंत, हे ढोबळ आहे पण बऱ्याचदा बरोबर निघतं. रंग किंवा पुट्टी मारू नका. फॉल्स सीलिंग असेल तर एक चौकोन कापून आत बघा. काही पडलं तर तुकडे फेकायच्या आधी फोटो, आणि गंज लागलेला एखादा मोठा तुकडा पिशवीत घालून ठेवा, सफाईवाला सकाळी घेऊन जायच्या आत.